३४ टिका आणि एक पिन

यादीत ३४ वस्तू होत्या आणि ३४ टिका होत्या. लाल पेनाने, एकाच उंचीच्या, एकाच झटक्यात मारलेल्या. इतकी देखणी यादी मी लग्नाच्या रुखवताचीसुद्धा पाहिलेली नाही. यादीप्रमाणे चेंडू सहा होते, आणि पिशवीतही सहाच निघाले. त्यातल्या चारांत हवा नव्हती. यादीप्रमाणे पंप होता, तोही निघाला. पंपाच्या तोंडाला लावायची पिन मात्र यादीत नव्हती, त्यामुळे तिच्यापुढे टिक नव्हती, त्यामुळे ती आली नाही. ती शाळेच्या लोखंडी कपाटात होती. कपाट खालापूर तालुक्यात, आम्ही कर्जतच्या मैदानावर, आणि मध्ये ऑगस्टचा पाऊस.

प्रसंग आंतरशालेय फुटबॉलचा. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांचे संघ, सतरा वर्षांखालची मुलं, सोळा जणांचा संघ. माझा भाचा १४ नंबरचा, म्हणजे राखीव. राखीव खेळाडूचा मामा हा आपोआप सहायक व्यवस्थापक होतो, कारण बाकीच्यांच्या मामांना सामना बघायचा असतो. क्रीडाशिक्षकांनी मला यादी दिली आणि म्हणाले, ‘‘दादा, सगळं चेक झालंय. तुम्ही फक्त गाडीत चढवा.’’ मी चढवलं. माझा गुन्हा तिथे सुरू होतो.

आपण मूळचे कबड्डीवाले, हेही एक कारण असेल. रायगडात संघ न्यायचा म्हणजे सात अधिक पाच पोरं, बनियन, चड्ड्या आणि एक ओरडणारा माणूस. चेंडू नाही, पंप नाही, पिन नाही. कबड्डीचं सामान अंगावर मावतं, म्हणून आपल्याला सामान बांधायची सवयच नाही. फुटबॉल आला, सवय तीच राहिली.

आता चेंडूकडे येऊ. मोठ्या मुलांचा फुटबॉल पाच नंबरचा. घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवेचा दाब नियमाप्रमाणे ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर, म्हणजे पंपाच्या काट्यावर साधारण साडेआठ ते साडेपंधरा पौंड. पण तुमच्या चेंडूला किती सोसतं ते व्हॉल्व्हशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि शाळेच्या स्वस्त चेंडूंवर ते बरंच कमी असतं. ते वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे हवा अंगठ्याने मोजतात. ज्याचा अंगठा दणकट, त्याच्या संघाचा चेंडू कडक. काटा असलेला पंप घ्या. तो नसेल तर चेंडू डोक्याच्या किंचित वरून, म्हणजे दोनेक मीटरवरून, शाळेच्या फरशीवर सोडा. सव्वा ते दीड मीटर उसळला तर ठीक. कमरेखालीच बसला तर हवा हवी. मैदानावर ही परीक्षा घेऊ नका. ऑगस्टात आमच्याकडच्या मैदानावर चेंडू उसळत नाही, रुततो.

आमच्या चार चेंडूंत आदल्या दिवशी दुपारी हवा भरलेली होती, हे नंतर कळलं. म्हणजे ती रात्रीतून गेली. हवा भरून लगेच टिक मारली की चेंडू गळका आहे की नाही हे कळतच नाही. संध्याकाळी भरायची आणि सकाळी निघताना पुन्हा दाबून बघायची, एवढं एकच काम आहे. ज्याची गेली, त्याला बादलीत बुडवायचं. बुडबुडे व्हॉल्व्हमधून आले तर दोष बहुतेक आपलाच, कारण कोरडी पिन खुपसून आपण आतलं रबर फाडलेलं असतं. पिनेला ग्लिसरीनचा थेंब लावून ती सरळ आत घालायची असते. आमच्याकडे थुंकी लावतात. कोरडीपेक्षा ती बरी. पण पंप मारताना पिन वाकडी करून तिचा तुकडा आत तोडायचा, हा जो आपला राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यावर थुंकीचा उपाय चालत नाही. म्हणून पिन एक नाही, तीन. चण्याफुटाण्याच्या भावात मिळतात. एक पंपाला, एक प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने, एक व्यवस्थापकाच्या पाकिटात.

पावसाचा आणखी एक मुद्दा. हाताने शिवलेला चेंडू शिवणीतून पाणी पितो. जालंधर-मेरठची शिवण कितीही सुबक असली तरी आमच्या तालुक्यातला पाऊस तिला पुरून उरतो. चेंडू जड होतो, लाथेला लागतो, आणि डोक्यावर घेतला तर पोराला घरचा पत्ता आठवत नाही. परीक्षा सोपी आहे. शाळेत पोषण आहाराचा वजनकाटा असतोच. कोरडा चेंडू तोला, दहा मिनिटं बादलीत फिरवा, पुसून पुन्हा तोला. काटा ४५० च्या बराच पुढे गेला तर तो चेंडू उन्हाळ्यासाठी ठेवा. पावसाळी सामन्याला सांधे चिकटवलेला किंवा साच्यातला चेंडू. दिसायला कमी रुबाबदार, पण दुसऱ्या अर्ध्यातही चेंडूच राहतो, कलिंगड होत नाही.

पिन आम्हाला समोरच्या संघाने दिली. त्यांच्या व्यवस्थापिका बाईंनी कंपासपेटीतून काढली आणि म्हणाल्या, ‘‘परत द्या हं, आठवणीने.’’ मी ‘हो’ म्हटलं. तोपर्यंत सरावाची वीस मिनिटं गेलेली होती.

जर्सी. जर्सीबद्दल आमच्या शाळेचा आग्रह असा की ती भेट मिळालेली असावी. भेट देणाऱ्या भाऊंचा आग्रह असा की छातीवर त्यांचा फोटो असावा. फोटो एवढा मोठा की नंबर पाठीवर कुठेतरी खाली सरकतो आणि चड्डीत खोचला जातो. पंचाला दुरून भाऊ दिसतात, खेळाडू दिसत नाही. असो. भाऊंनी निळा रंग निवडला होता. समोरच्या शाळेला दुसऱ्या भाऊंनी जर्सी दिली होती. त्यांनीही निळाच निवडला होता. राजकारणात दोघांचं पटत नाही, दुकान मात्र एकच असावं.

फुटबॉलचा नियम चार याबाबतीत अगदी सरळ आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे हवेत, आणि गोलीचा रंग या सगळ्यांपासून वेगळा हवा. आमच्याकडे दुसरा संच नव्हता. नाणं उडवलं, आम्ही हरलो, आणि पोरांनी पीटीचे पांढरे शर्ट घातले. पांढरा शर्ट पावसात काय करतो ते मुलांपुरतं ठीक आहे, मुलींच्या संघावर ही वेळ आणू नका. बरं, पांढऱ्या शर्टांवर नंबर नव्हते. खेळाडूंच्या यादीत दिलेले नंबर आणि मैदानावरची पोरं यांचा संबंध तुटला. पंचांनी कार्ड काढायचं ठरवलं असतं तर भाऊंच्याच नावावर काढावं लागलं असतं.

या सगळ्या तमाशाची किंमत किती? चौदा बिब. बिनबाह्यांचे, जाळीचे, भगभगीत रंगाचे, पाठीवर नंबर असलेले. जर्सीवरून घालायचे. दुसरा पूर्ण संच परवडत नसेल तर बिब घ्या, आणि आपल्या जर्सीच्या रंगातले घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण आमच्या शाळेत आधी बिब होते. निळे.

आता संख्या. सोळा खेळाडू म्हणजे सोळा जर्सी, हा हिशेब दुसरी इयत्ता पास झालेला कोणीही करतो आणि चुकतो. रक्त आलं की पंच खेळाडूला बाहेर काढतात. रक्त थांबल्याशिवाय आणि कपड्यांवरचा डाग गेल्याशिवाय आत घेत नाहीत. ओठ फुटला, दोन थेंब जर्सीवर पडले, जखम मिनिटात थांबली, पण जर्सी? म्हणून दोन जादा, मोठ्या मापाच्या, ज्यांचे नंबर यादीत कुणालाच दिलेले नाहीत अशा. त्या घालताना पंचांना सांगायचं. आणि मोजणी पिशवीतल्या कापडाची करायची, वहीतल्या आकड्यांची नाही. आमच्या पिशवीत पंधराच निघाल्या. सोळावी एका पठ्ठ्याच्या अंगावर होती. तो आदल्या रात्री ती घालून क्लासला गेला होता आणि तीच घालून झोपला होता. एका अर्थी संघातला सर्वांत तयार खेळाडू तोच.

राखीपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. अकरा पोरांच्या मनगटांवर मिळून सतरा राख्या. त्यात खड्यांच्या, पत्र्याच्या गणपतीच्या, एक दिव्याची. शिवाय काळे दोरे, गळ्यातले ताईत, एकाच्या कानात बाळी. पंचांनी रांग लावली आणि म्हणाले, ‘‘काढा.’’ अंगावर दागिना चालत नाही, दोरा-पट्टासुद्धा नाही, आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली तरी चालत नाही. ही शेवटची गोष्ट नियमात स्पष्ट लिहिलेली आहे, आणि नेमकी तीच आपल्याला मान्य नसते. ‘सर, टेप लावतो की!’ नाही. एक पोरगा राखी कापायला तयार होईना. त्याचं बरोबर होतं, बहिणीला तोंड त्याला दाखवायचं होतं. शेवटी गाठ सोडवता सोडवता पाच मिनिटं गेली. हे काम घरून निघतानाचं आहे. आदल्या दिवशी फळ्यावर लिहा: राखी घरी देवासमोर, बाळी आईकडे, नखं कापून. मुलींच्या बाबतीत चमकीचं बघा. नुकतं नाक टोचलेलं असेल तर चमकी निघत नाही आणि पंच सोडत नाहीत. अशा मुलीचं नाव अकरात घालून मैदानावर रडारड करण्यापेक्षा आधी विचारा.

शिनगार्ड. इथे आम्ही सामना हरलो, म्हणून इथे जरा बसतो.

नडगीवर लावायची ही ढाल सक्तीची आहे. मोज्याने पूर्ण झाकलेली हवी आणि नडगी वाचवील अशा पदार्थाची हवी. आमच्या यादीत लिहिलं होतं: ‘शिनगार्ड, ११ जोड्या’. टिक. आत एका वेळी अकराच खेळतात ना? तर्क बिनतोड. बाराव्या मिनिटाला आमच्या उजव्या बचावपटूचा पाय चिखलात मुरगळला. तो बाहेर आला. राखीव खेळाडू म्हणून माझा भाचा उठला. त्याच्या मोज्यांत जुन्या वहीचे पुठ्ठे होते. हा मार्ग त्याने घरी स्वतःच्या बुद्धीने काढला होता आणि बाकावर बसून पावसात त्या पुठ्ठ्यांची खीर झाली होती. पंचांनी मोज्यावरून बोट दाबलं, बोट नडगीला लागलं. ‘‘गार्ड घालून ये.’’

मग जखमी पोराचे गार्ड काढायचे ठरलं. त्यासाठी त्याचा बूट काढायचा. घोटा सुजायला लागलेला, नाडीची गाठ ओली, वर पोरगा ओरडतोय. मोजा पायाला चिकटलेला. गार्ड निघाले ते चिखलाने भरलेले आणि भाच्याला दोन बोटं आखूड. हे सगळं होईपर्यंत साडेतीन मिनिटं आम्ही दहा जण खेळत होतो, आणि रिकाम्या पडलेल्या उजव्या बाजूनेच गोल आला. ०-१. सामना तसाच संपला. दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा झाली ती गोलीने डावीकडे उडी का मारली याची.

गार्ड डोक्यांप्रमाणे मोजायचे, जागांप्रमाणे नाही. सोळा खेळाडू तर सोळा जोड्या, अधिक दोन. मोजेही तसेच, कारण ओला मोजा दुसऱ्याच्या पायात चढत नाही. राखीव खेळाडूने सामना सुरू होण्याआधीच गार्ड, मोजे, बूट चढवून बसायचं, वर रेनकोट. आणि बूट. आमच्याकडच्या वाड्यापाड्यांवरच्या कित्येक पोरांकडे स्टडचे बूट नसतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू फ्रान्सशी अनवाणी खेळले आणि १-२ ने हरले, ती गोष्ट सांगून पोरांना फुगवता येतं, खेळवता येत नाही. बूट आज सक्तीचे आहेत. शाळेने मापवार जुने बूट गोळा करून ठेवावेत: सहा, सात, आठ नंबरचे प्रत्येकी दोन जोड. दहावी पास झालेल्या पोरांचे बूट माळ्यावर पडलेले असतात, मागितले की मिळतात. आणि निघण्याआधी स्टडवरून हात फिरवा. झिजून धार आलेली असेल तर ती समोरच्याच्या नडगीसाठी आहे.

प्रथमोपचार पेटी. पेटी होती. तिला कुलूप होतं. किल्ली शिपाईमामांकडे होती आणि मामा रजेवर. पेटी दगडाने उघडली. आत काय निघालं? कापूस, बामच्या तीन बाटल्या, मुदत संपलेलं मलम, थर्मामीटर, आणि २६ जानेवारीचे बिल्ले.

मुरगळलेल्या घोट्याला तिघांनी मिळून बाम चोळायला सुरुवात केली. आपल्याकडे पाय मुरगळला की चोळणारे हात आपोआप उगवतात. ताज्या मुरगळीला चोळायचं नसतं, शेकायचंही नसतं. आत रक्त उतरत असतं, ते चोळल्याने वाढतं. पाय उंच, चार इंची क्रेप बँडेज खालून वर, बोटं निळी पडणार नाहीत इतपत घट्ट, आणि फडक्यातून बर्फ पंधरा-वीस मिनिटं. बर्फ मैदानावर कुठून आणायचा? मासळीवालीकडून. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे ऑगस्टात मासळीबाजार पुन्हा बर्फाने भरलेला असतो. सकाळी जाताना थर्माकोलच्या खोक्यात दोन किलो मागून घ्या, मावश्या नाही म्हणत नाहीत. वास येईल. घोट्याला नाक नसतं. आता यातला एक्स-रेचा कुठला? दुखरा पाय टेकून चार पावलं टाकता येतात का बघा, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांवर, मागच्या कडेवर दाबून बघा. चार पावलं जमत नसतील किंवा नेमक्या हाडावर कळ येत असेल तर कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, बाम नंतर.

नाकातून रक्त आलं की आपल्याकडे मान मागे टाकतात, डोक्यावर पाणी मारतात आणि कांदा फोडतात. कांदा भजीला ठेवा. पोराला बसवून पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, घड्याळ लावून सलग दहा मिनिटं. मध्ये सोडून ‘थांबलं का’ बघायचं नाही. मान मागे टाकली की रक्त घशात जातं आणि मग उलटी होते.

खरी भीती डोक्याची. दोन डोकी आपटली, पोरगा पडला, तोंडावर पाणी मारलं, उठला, टाळ्या वाजल्या. तो उठला यावरून काही कळत नाही. त्याला विचारा: आपण कुठल्या गावच्या मैदानावर आहोत? पहिला अर्धा चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाशी होता, जिंकलो का? उत्तर चुकलं, अडखळलं, किंवा पोरगा तुमच्याकडे आरपार बघायला लागला, तर त्याचा सामना संपला, तो कर्णधार असला तरी. उत्तरं बरोबर आली, पण डोकं दुखतंय किंवा गरगरतंय म्हणाला, तरीही संपला. त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. उलटी झाली, पेंग आली, डोकेदुखी वाढत गेली तर १०८ ला फोन. पेटीत हे चार प्रश्न कागदावर लिहून ठेवा, कारण त्या क्षणी तुम्हालाही ते आठवणार नाहीत.

पेटीचं बाकी सामान थोडकं आहे: रबरी हातमोजे, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, दोन त्रिकोणी पट्ट्या, जंतुनाशक, बोथट टोकाची कात्री, आणि दोन लिटर पिण्याचं पाणी फक्त जखमा धुण्यासाठी. चिखल भरलेल्या खरचटीवर आधी पाणी, भरपूर, मग औषध. चिखलावरून लावलेलं लाल औषध चिखलालाच बरं करतं. दम्याच्या पोराचा पंप त्याच्या घरी नाही, पेटीत, नाव लिहून. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करून ‘स्ट्राँग’ करायची नाही. गोळ्या नकोत. गुरुजींच्या खिशातल्या वेदनाशामक गोळीने पोरगा खेळतो आणि नंतर आठवडाभर लंगडतो.

आणि सॅनिटरी पॅड. मुलींचा संघ निघाला की पुरुष शिक्षकांच्या यादीत हा शब्द नसतो. टिकेचा प्रश्नच येत नाही. दोन पाकिटं, एक गडद रंगाची जादा चड्डी, कागदी पिशव्या, आणि मैदानाजवळ मुलींना कपडे बदलायला जागा कुठे आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारणारी एक बाई. चड्डीखाली लेगिंग घालणार असाल तर संघातल्या सगळ्यांची एकाच रंगाची आणि चड्डीच्या रंगाची. निळ्या चड्डीखाली काळी लेगिंग पंच परत पाठवू शकतात. डोक्याला स्कार्फ चालतो. काळा किंवा जर्सीच्या रंगाचा, टाचणीशिवाय.

कागदांचं थोडक्यात सांगतो. खेळाडूंची प्रवेशिका, फोटोची ओळखपत्रं, जन्मतारखेचे दाखले. आमच्या मुख्याध्यापकांचा शिक्का शाईचा. कर्जत स्टेशनपासून मैदानापर्यंत पोचेस्तोवर तो जांभळा डाग झाला होता आणि सोळा पोरं कुठल्या शाळेची हे सांगायला छातीवरचे भाऊच उरले. प्लास्टिकच्या बंद पिशवीत मूळ, दुसऱ्या पिशवीत प्रती. त्याच पिशवीत एक कागद: प्रत्येकाचा रक्तगट, कशाची ॲलर्जी, घरचा फोन.

सामन्यानंतर मी त्या देखण्या यादीचं काय करायचं याचा विचार केला. यादीतल्या वस्तू कमी नव्हत्या. टिक मारणाऱ्याने वस्तूला हात लावला नव्हता, एवढंच. म्हणून नव्या यादीत टिकेचा रकाना काढून टाकला. तीन रकाने ठेवले: किती, कुठल्या पिशवीत, कुणाच्या अंगावर. ‘क्रीडा विभाग’ हे नाव शेवटच्या रकान्यात चालणार नाही. तिथे पोराचं नाव हवं. मोजणी दोनदा: निघताना आणि परतताना, आकडा मोठ्याने ओरडून. चेंडू, पंप, पिना १२ नंबरकडे. जर्सी आणि बिब १३ कडे. गार्ड-मोजे १४ कडे, कारण त्याला आता त्याचं महत्त्व कळलं आहे. पाणी आणि बर्फ १५ कडे. १६ नंबर मैदानाच्या कडेला चेंडू आणून द्यायला. पेटी सरांकडे, उघडी. सर सामना सुरू असताना फोटो काढणार नाहीत. हे कलम मी घातलं, त्यांनी खोडलं, मी पुन्हा घातलं. खाऊ मामाकडे, म्हणजे माझ्याकडे. दिवाडकरांचा वडा सामन्यानंतर. आधी केळी, तीही दीड-दोन तास आधी. आम्ही उलटं केलं होतं, आणि आमच्या डाव्या आघाडीच्या धावण्यात तो वडा दिसत होता.

परतीची गाडी खोपोली लोकल. एक चुकली की पळसदरीकडे बघत बसावं लागतं. ती पकडायच्या घाईत ओले शर्ट सिमेंटच्या गोणीत कोंबले गेले आणि गोण शाळेच्या स्टोअरमध्ये सोमवारपर्यंत राहिली. सोमवारी कोणी उघडली नाही, वासाने ती स्वतः उघडली. शर्टांवर काळे ठिपके पडले होते. ते निघत नाहीत. त्याच रात्री गार पाण्यातून काढून दोरीवर टाकले असते तर वाचले असते. जर्सी पॉलिस्टरची घ्या, पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. सुती आमच्याकडे ऑगस्टात तीन दिवस मागते. चिकटवलेल्या नंबरावर इस्त्री फिरवायची नाही, उलट्या बाजूने करायची. नाहीतर ८ नंबरचा ३ होतो आणि प्रवेशिकेत वेगळाच खेळाडू निघतो.

पुढचा सामना शनिवारी आहे, चौकच्या बाजूच्या शाळेशी. बिब नारिंगी आले आहेत. गार्ड अठरा जोड्या झाले. पिना तीन आहेत, त्यातली एक त्या बाईंची आहे. ती परत द्यायची राहिली आहे.